चार दिवस आणि सौ दिन

आपल्यापैकी बहुतेकांनी दुभाष्याचे काम केलेले आहे, फक्त त्याला कोणी ते नाव दिले नाही. नानीला पेन्शनसाठी बँकेत नेले, अम्मीला सरकारी दवाखान्यात नेले, चाचांबरोबर तलाठ्याकडे गेलो. समोरचा मराठीत बोलतो, घरचे माणूस दखनीत बोलते, आणि मधे उभा असलेला नववी-दहावीतला मुलगा किंवा मुलगी दोघांचे बोलणे एकमेकांना सांगत राहते. मीही तशीच शिकले. आता गेली काही वर्षे सोलापूर भागातल्या एका कौटुंबिक समुपदेशन केंद्रात आठवड्यातून दोन दिवस बसते. तिथल्या मॅडमना हिंदी येते. पण आपल्या बायका घरात बोलतात ती ‘मेरेकू-तेरेकू’ची भाषा, तीही भांडण तापल्यावर, त्यांना निम्मीच समजते. तेवढ्यासाठी मी असते.

या कामात मला शब्द फारसे अडवत नाहीत. ‘खुला’, ‘मेहर’, ‘इद्दत’ हे शब्द मॅडमना आता माझ्याइतकेच माहीत आहेत. अडवतात त्या म्हणी. कोणी ठरवून म्हण वापरत नाही. बोलता बोलता ती तोंडातून निसटते आणि बोलणारा पुढे जातो. मधल्या माणसाला मात्र क्षणात ठरवावे लागते, की हिच्या जागी मराठीतली जोडीची म्हण ठेवायची, की म्हण बाजूला ठेवून साध्या वाक्यात अर्थ सांगायचा. हा निर्णय किरकोळ वाटतो. माझ्याकडून तो एकदा चुकला, आणि त्याची किंमत एका मुलीने चार आठवडे मोजली.

मुलगी बावीस वर्षांची. लग्नाला दोन वर्षे झालेली. सासू जेवणावरून, माहेरच्या फोनवरून रोज छळते अशी तिची तक्रार होती आणि तिला परत त्या घरात जायचे नव्हते. बैठकीला दोन्हीकडची माणसे आली होती. मुलीची आई, जिला आम्ही सगळे खाला म्हणत होतो, बराच वेळ गप्प बसून होती. मॅडमनी तिला विचारले, “तुमचं काय म्हणणं आहे?” खालाने विहिणीकडे न बघता मला सांगितले, “बोलो उनकू, सौ दिन सास के, एक दिन बहू का.”

मी लगेच मॅडमना म्हणाले, “त्या म्हणतात, चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे.”

मॅडम हसल्या. जोडी इतकी सहज जमली म्हणून मलाही बरे वाटले. मॅडमनी कागदावर लिहिले, ‘मुलीकडील मंडळी समजूतदार, थांबण्यास तयार.’ मुलीने महिनाभर सासरी राहून बघावे असे ठरले आणि पुढची तारीख चार आठवड्यांनंतरची पडली. मुलगी माझ्याकडे बघत होती. मला वाटले, ती बैठक संपल्यामुळे थकली असेल.

पुढच्या तारखेला खाला एकटीच आधी आली आणि माझ्यावर चिडली. “मैं बोली क्या, और तुम लोगां लिखे क्या?” तेव्हा मी त्या दोन म्हणी पहिल्यांदा नीट शेजारी ठेवून पाहिल्या.

मराठी म्हणीत चार दिवस या बाजूला आहेत आणि चारच त्या बाजूला. वाटणी सारखी आहे. ती ऐकणाऱ्याला सांगते की आज तिची सत्ता आहे, उद्या तुझी येईल, जरा दम धर. २००१ साली सुरू होऊन दहा वर्षांहून अधिक चाललेल्या ‘चार दिवस सासूचे’ मालिकेमुळे तर म्हणीचा पहिला अर्धा भाग घराघरात नुसते नाव होऊन बसला आहे. तो ऐकून कोणी दचकत नाही. आपल्या भाषेतल्या म्हणीत मात्र एका बाजूला शंभर दिवस आहेत आणि दुसऱ्या बाजूला एकच. ‘सौ सुनार की, एक लोहार की’ या म्हणीची घडणही तशीच आहे. सोनार शंभर हलक्या टिचक्या मारतो, लोहार एकच घाव घालतो आणि तो पुरतो. १९८० साली ‘सौ दिन सास के’ नावाचा हिंदी चित्रपट आला होता. त्याचे नाव ऐकतानाच आपल्याला कळते की उरलेला एक दिवस कोणाचा असणार. म्हणजे खाला थांबायला तयार नव्हती. ती म्हणत होती, तुमचे शंभर दिवस संपले, आता आमचा दिवस आला. तो दिवस म्हणजे वकील, हे तिने मनात पक्के केले होते.

दोन्ही म्हणींत सासू आहे, सून आहे, दिवस आहेत. शब्द इतके सारखे असल्यामुळेच मी फसले. वेगळ्या दिसणाऱ्या म्हणी भेटल्या असत्या तर मी निदान अर्धा क्षण थांबले असते.

मग तिथे कुठली मराठी म्हण चालली असती? मी नंतर शोधली. ‘पापाचा घडा भरला’ ही अर्थाने बरीच जवळ जाते. पण ती सासूच्या वागण्याला सरळ पाप म्हणते, आणि खालाने तो शब्द वापरलेला नव्हता. ‘शंभर अपराध भरले’ असे म्हटले असते तर शंभरचा आकडा जमला असता, पण त्यामागे शिशुपालाची गोष्ट आहे, आणि तिच्या शेवटी शिरच्छेद आहे. बैठकीत समोर बसलेल्या विहिणीसाठी तो निरोप भलताच झाला असता. तेव्हा तिथे जोडीची म्हण नव्हतीच. मी असे म्हणायला हवे होते: “त्यांनी एक म्हण वापरली, ‘सौ दिन सास के, एक दिन बहू का’. म्हणजे सासूचं आजवर खूप चाललं, आता सुनेची वेळ आली आहे. वेळ आली म्हणजे नक्की काय, ते मी त्यांना विचारते.” मग खालाकडे वळून, “खाला, एक दिन बोले तो क्या करना चाहते?” एवढेच. अर्ध्या मिनिटाचे काम होते. आणि उत्तर आले असते ते कागदावर गेले असते.

तेव्हापासून मी एक साधा नियम पाळते. म्हण कानावर पडली की तिचा अर्थ काय, हे मी आधी विचारत नाही. अर्थ आपल्याला बहुतेक वेळा माहीत असतो. मी बघते की ही म्हण या क्षणी काय करते आहे. ती नुसती गप्पांना चव आणत असेल, स्वतःवर हसत असेल, वातावरण सैल करत असेल, तर जोडीची म्हण द्यावी. ती कोणाकडे बोट दाखवत असेल, धमकावत असेल, काही मागत असेल किंवा नाकारत असेल, तर मूळ म्हण आहे तशी सांगावी, तिचा अर्थ साध्या वाक्यात सांगावा आणि बोलणाऱ्याला विचारून तो पक्का करावा. आणि बोलणे कागदावर उतरणार असेल, तर दुसराच मार्ग घ्यावा.

पहिल्या प्रकारचे एक उदाहरण देते, कारण प्रत्येक म्हण उलगडत बसणेही चूकच आहे. एका बैठकीला नवरा आलाच नाही. मॅडमनी विचारले, “तो कुठे सापडेल?” मुलीचे दादा म्हणाले, “जाएगा किधर? मुल्ला की दौड़ मस्जिद तक. दोस्त के गॅरेज में बैठा होगा.” मी म्हणाले, “सरड्याची धाव कुंपणापर्यंत. मित्राच्या गॅरेजमध्ये असेल.” इथे ही अदलाबदल बरोबर होती. दादांच्या बोलण्यात मुल्लाही नव्हता आणि मशीदही नव्हती. होता तो ठरलेल्या जागेपलीकडे न जाणारा माणूस, आणि मराठीत ते काम सरडा करतो. मी शब्दशः सांगितले असते, तर मॅडमनी नक्की विचारले असते, “नवरा मौलाना आहे का?” आणि आमची पाच मिनिटे गॅरेजऐवजी मशिदीत गेली असती.

पण हीच जोडी उलट्या दिशेने डोळे मिटून वापरता येत नाही. दुसऱ्या एका प्रकरणात नवरा खरोखरच एका मशिदीत बांगी होता. अर्जाचा नमुना भरून घेणारे गृहस्थ त्याच्याबद्दल सहज म्हणाले, “जाऊ द्या हो, सरड्याची धाव कुंपणापर्यंत.” त्यांच्या मनात काही वाकडे नव्हते. तो गाव सोडून जाणार नाही एवढेच त्यांना म्हणायचे होते. मी सवयीने ‘मुल्ला की दौड़’ म्हटले असते, तर त्या माणसाच्या आईला वाटले असते की सरकारी माणसाने तिच्या मुलाच्या कामाची आणि मशिदीची टिंगल केली. म्हणून मी साधे सांगितले, “वो बोल रहे, तुम्हारा बेटा गांव छोड़ के नहीं जाएगा.”

म्हणीतल्या चित्रात आहे तेच समोरच्या माणसात खरोखर असेल, तर ती म्हण राहत नाही, शेरा होते. ‘नौ सौ चूहे खाके बिल्ली हज को चली’ हिच्यासाठी मराठीत ‘करून करून भागली आणि देवपूजेला लागली’ अशी तयार जोडी आहे. पण जिच्याबद्दल बोलणे चालले आहे ती बाई नुकतीच हज करून आली असेल, तर मराठीतून आपल्याकडे येताना मांजर आणि हज दोन्ही टाळलेले बरे. तिथे साधे वाक्यच हवे.

आता धमकीबद्दल. सासरकडचे एक वडीलधारे गृहस्थ एकदा मुलीच्या बापाला म्हणाले, “दर्या में रहके मगर से बैर नको करो, भाई.” मराठीत ‘पाण्यात राहून माशाशी वैर’ ही जोडी जिभेवर तयारच असते, आणि शाळेच्या पुस्तकात दोन्हींचा अर्थ एकच लिहिला तर मी हरकत घेणार नाही. पण नुसते चित्र बघा. मराठी पाण्यात मासा आहे. आपल्या पाण्यात मगर आहे, आणि मगर माणूस खाते. बाप त्यांच्याच गल्लीत भाड्याने राहत होता. मी ‘मासा’ म्हटले असते तर मॅडमना तो मोठ्या माणसाचा सल्ला वाटला असता. ‘ते धमकी देत आहेत’ असे सांगितले असते, तर निकाल मीच दिला असता, आणि तो माझा अधिकार नव्हता. म्हणून मी म्हणाले, “ते म्हणाले, दर्यात राहून मगरीशी वैर करू नका. मराठीत आपण मासा म्हणतो, त्यांनी मगर म्हटलं आहे.” मॅडमनी त्यांनाच विचारले, “मगर म्हणजे कोण?” गृहस्थ जरा गडबडले, मग म्हणाले की त्यांना फक्त शेजारधर्माबद्दल बोलायचे होते. ते खरे होते की नाही मला माहीत नाही. पण प्रश्न योग्य माणसाला विचारला गेला, आणि त्या बापाने तो ऐकला.

काही म्हणी दोन्ही भाषांत अक्षरशः एकच आहेत. ‘दुधाने तोंड भाजले की ताकही फुंकून प्यावे’ ही तशीच, ‘शिळ्या कढीला ऊत’ ही तशीच. तिथे दुभाष्याला काहीच करावे लागत नाही असे वाटते. पण आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळा येणारी म्हण याच गटातली आहे: ‘टाळी एका हाताने वाजत नाही’, ‘ताली एक हाथ से नहीं बजती’. ती दोन्हीकडचे नातेवाईक म्हणतात, जमातीचे लोक म्हणतात, पोलीस म्हणतात, आणि कधी कधी समुपदेशकही म्हणतात. दिसायला ती फार न्यायी आहे. पण जिच्या दंडावर वळ आहेत तिला ती सांगितली, तर तिचा अर्थ एकच निघतो: तुझीही चूक आहे. फरक इतकाच की आरोप म्हणीत गुंडाळलेला असल्यामुळे तिला उत्तर देता येत नाही. म्हणीला कोण खोटे पाडणार?

पूर्वी मी अशा वेळी ती म्हण गिळून टाकायची किंवा मऊ करून सांगायची. तेही चूकच होते. मॅडम काय म्हणाल्या हे त्या मुलीला कळलेच पाहिजे. आता मी आधी बोलणाऱ्याला विचारते. मागे एकदा मॅडमनी ही म्हण वापरली तेव्हा मी म्हणाले, “मॅडम, हे मी तिला ‘तुझीही चूक आहे’ असं सांगू का?” त्या थांबल्या. म्हणाल्या, “नाही नाही. त्या दिवशी भांडण कशावरून सुरू झालं, एवढं विचार.” मी तेवढे विचारले. मुलीने सांगितले की भांडण झालेच नव्हते, ती झोपलेली होती. म्हणीच्या जागी साधा प्रश्न आला म्हणून हे उत्तर बाहेर आले.

आता कागदाबद्दल. बोलण्यात चूक झाली तर चेहरा बघून सुधारता येते. ऐकणारा हसला आणि बोलणारा हसत नसेल, तर समजावे की जोडी चुकली. पुढचे वाक्य आधीच्याला धरून येत नसेल, किंवा बोलणारे माणूस तीच म्हण पुन्हा, जरा मोठ्याने म्हणत असेल, तरीही तेच. खालाच्या बैठकीत पहिली खूण माझ्यासमोर होती. मॅडम हसल्या, खाला हसली नाही. मी ती वाचली नाही. कागदाला मात्र चेहरा नसतो. तो सहा महिन्यांनी दुसरा कोणीतरी वाचणार, आणि त्याला ना खाला दिसणार, ना मी. म्हणून जबाब, तक्रार, करारनामा यांत बदली म्हण कधीच घालू नये. बोलणाऱ्याची म्हण तिच्याच शब्दांत अवतरणात लिहावी, पुढे ‘म्हणजे’ लिहून तिने स्वतः सांगितलेला अर्थ लिहावा, आणि सही करण्याआधी तो मजकूर तिला तिच्या भाषेत वाचून दाखवावा. त्या दिवशी मी एवढे वाचन केले असते, तर ‘थांबण्यास तयार’ हे शब्द ऐकताच खालाने टेबलावर हात आपटला असता.

म्हणींच्या जोड्या पुस्तकांतून पाठ करून हा प्रश्न सुटत नाही. आल्फ्रेड मॅनवेअरिंग यांनी मराठी म्हणी विषयवार लावून १८९९ साली ऑक्सफर्डहून पुस्तक काढले. त्याआधी १८८६ साली एस. डब्ल्यू. फॅलन यांचा हिंदुस्तानी म्हणींचा कोश निघाला होता. अशी पुस्तके चाळायला मला आवडतात, आणि जोडी शोधायला ती उपयोगी पडतात. पण पुस्तकात म्हण एकटी असते. कोण, कोणाला, कुठल्या खोलीत म्हणत आहे, आणि समोर कोण बसले आहे, हे तिथे नसते. माझी चूक नेमकी तिथेच झाली होती. म्हणीचा अर्थ मला माहीत होता, पण विहीण समोर बसलेली असताना तो काय होतो, हे मी पाहिले नाही.

यावर कोणी म्हणेल, की असे सगळे उलगडून सांगितले तर आपल्या आया-नान्यांच्या बोलण्यातला रंग जातो. ही हरकत खरी आहे. नानीच्या एका म्हणीत असते ते माझ्या तीन वाक्यांत मावत नाही. घरात, मैत्रिणींत, लग्नाच्या दालनात मी तिच्या म्हणींना मराठी जोड्या लावत असते आणि मराठी मैत्रिणींच्या म्हणींना आपल्या. चुकले तर हसू होते, एवढेच. पण जिथे तारीख पडते, सही होते, कोणी कोणाच्या घरी परत पाठवले जाते, तिथे मला रंगापेक्षा नानीचे म्हणणे पोचणे महत्त्वाचे वाटते. मूळ म्हण आधी सांगितली तर रंगही पूर्ण जात नाही.

त्या दुसऱ्या तारखेला मी मॅडमना सगळ्यांसमोर सांगितले की मागच्या वेळी मी चुकीचे सांगितले होते. मॅडमनी जुन्या नोंदीखाली नवी नोंद केली. तिच्यात खालाची म्हण खालाच्या शब्दांत आहे आणि खाली तिने सांगितलेला अर्थ आहे: ‘मुलगी सासरी परत जाणार नाही. आम्ही वकील करणार आहोत.’ मी ते खालाला वाचून दाखवले. तिने दोनदा वाचायला लावले, आणि मग अंगठा दिला.